रिपोर्टमध्ये ब्लास्टोसिस्टिस आलंय, औषध झालं तरी जुलाब थांबत नाहीत. नेमकं काय शोधायचं राहिलंय?

खानापूरची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या मामंजींचं वय 61. श्रावण लागायच्या सुमाराला पोट बिघडलं ते अजून ताळ्यावर नाही. पाण्यासारखे जुलाब, दिवसाला सहा-सात वेळा. रक्त नाही, आव नाही, ताप नावापुरता. चार दिवस बरं वाटतं, आता सुटलं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू. जेवणावरची वासनाच गेलीय. धोतर दोन वेढे जास्त बसतंय. शेतावर जाणारा माणूस कट्ट्यावर बसून असतो.

खानापुरात शौचाची तपासणी केली तेव्हा 'काही आढळलं नाही' असं आलं. नंतर बेळगावात केली तर 'ब्लास्टोसिस्टिस होमिनिस दिसले, एका फील्डमध्ये 3 ते 4' असं आलं. त्यावर मेट्रोनिडाझोलचा कोर्स झाला. फरक पडला नाही म्हणून डॉक्टरांनी आणखी एक दिला. जुलाब आहेत तसेच.

प्रश्न दोन. एका लॅबला दिसलं नाही ते दुसरीला कसं दिसलं? आणि हाच जंतू कारण असेल तर औषधाने जात का नाही? साखर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे.

शहापूरकर
ताई, मला हेच झालं होतं. हाच जंतू, हेच औषध. मला चार दिवसांत उतार पडला. कोर्स पूर्ण घेतला का नीट? बरेच लोक तोंडाला कडू लागतं म्हणून मधेच सोडतात.

खानापूरची_सून
पूर्ण घेतलाय दादा. सासूबाई समोर उभं राहून देतात.

गुरुजी_चिकोडी
मी प्राणिशास्त्र शिकवत होतो. आमच्या काळच्या पुस्तकात ब्लास्टोसिस्टिस हा निरुपद्रवी यीस्ट म्हणून एका ओळीत संपवलेला असे. निरोगी माणसाच्या पोटातही असतो. त्यामुळे त्याच्यावर औषध देणंच मुळात चूक आहे.

स्लाइडवाला_वडगाव
गुरुजी, निरोगी माणसात असतो हे अगदी खरं. यीस्ट मात्र नाही. 1912 मध्ये ब्रुम्प्ट यांनी होमिनिस हे नाव दिलं तेव्हा तो यीस्टच समजला गेला होता, आणि पुढे कित्येक वर्षं पुस्तकांत तेच छापत राहिले. आता त्याची गणती एकपेशीय परजीवीत होते. पण रोग करतो की नाही, यावर जाणत्या लोकांचंही अजून एकमत नाही.

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये शौचाच्या स्लाइडच बघतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ब्लास्टोसिस्टिस दिसायला गोल. मधे मोठी रिकामी जागा, ती पेशीला जवळजवळ भरून टाकते. कडेला पातळ पट्टी आणि त्या पट्टीत केंद्रकं दाबून बसवल्यासारखी, दोन, चार, कधी सहा. आयोडीन टाकलं की कडा पिवळसर होते, मधला भाग फिकाच राहतो. खरी ओळख मात्र आकारातल्या फरकात आहे. एकाच फील्डमध्ये एक 6 मायक्रॉनचा असतो आणि शेजारी 25 चा. लाल रक्तपेशी सात-साडेसात मायक्रॉनची असते, तिच्याशी ताडून बघता येतं. घाई असली तर चरबीचा थेंब, यीस्ट, पांढरी पेशी, यातलं काहीही समजून नजर पुढे जाते. चरबीच्या थेंबाला कडेची केंद्रकं नसतात. यीस्टला बहुतेक वेळा कोंब फुटलेला दिसतो आणि तो लहान असतो.

आता एकाला दिसला, दुसऱ्याला नाही, त्याचं नेहमीचं कारण पाणी. नमुना सलाइनऐवजी साध्या पाण्यात कालवला किंवा धुतला तर ब्लास्टोसिस्टिस फुटून जातो. मग स्लाइडवर दिसणार काय? नमुना तासन्‌तास उन्हातून गाडीवर आला तरी ओळख पुसट होते. खानापूरच्या लॅबमध्ये नक्की काय झालं ते इथे बसून मी सांगू शकणार नाही, पण या वाटेने 'निल' येणं सहज शक्य आहे.

टिळकवाडी_सुमन
आमच्या नातवालाही जंत झालेत, रात्री दात खातो. त्याला अल्बेंडाझोल दिलं. तुमच्या सासऱ्यांना पण तेच द्या की, एका गोळीत काम होतं.

स्लाइडवाला_वडगाव
सुमनकाकी, जंत म्हणजे किडे. अल्बेंडाझोल त्यांच्यासाठी. इथे प्रश्न एका पेशीच्या जीवाचा आहे, त्यावर ती गोळी भरवशाची नाही. नातवाच्या शौचाची एकदा तपासणी करून घ्या, नुसतं दात खाण्यावरून जंत ठरत नाहीत.

अनगोळ_अभी
इतके दिवस जुलाब आणि वजन कमी म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम किंवा सायक्लोस्पोरा. असले जंतू एचआयव्हीवाल्यांनाच होतात. आधी ती टेस्ट करा. आणि घरात ताट-वाटी वेगळी ठेवा, एकाचं दुसऱ्याला होतं.

खानापूरची_सून
अभी, वाचूनच घरात सगळे घाबरले. सासूबाईंनी आजच वेगळं ताट काढलं.

डॉ_निपाणी
घाबरायचं कारण नाही. सायक्लोस्पोराचं नाव अभीने बरोबर काढलं, बाकीचं तसं नाही. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांनाही सायक्लोस्पोरा होतो. 1996 ला अमेरिका-कॅनडात ग्वाटेमालाच्या रासबेरी खाऊन मोठी साथ आली, त्यातले बहुसंख्य लोक धडधाकट होते. एचआयव्ही असेल तर आजार जास्त लांबतो, म्हणून ती तपासणी डॉक्टरांनी सुचवली तर करून टाका. पण ती झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असं काही नाही.

ताट-वाटीचं म्हणाल तर क्रिप्टो एकाचा दुसऱ्याला थेट होतो. सायक्लोस्पोराचं उलट. तो शौचातून बाहेर पडतो तेव्हा कच्चा असतो. बाहेर उबदार, ओलसर जागी एक-दोन आठवडे राहिला की मगच तो लागण करण्याजोगा होतो. त्यामुळे सासूबाईंना नेहमीच्या ताटात जेवण वाढू द्या. हात साबणाने धुणं चालू ठेवा, कारण जुलाबाचं मूळ अजून ठरलेलं नाही.

ताई, तुम्ही सांगितलेलं चित्र माझ्या डोक्यात सायक्लोस्पोराच आणतं. पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, मधे बरं वाटून पुन्हा उलटणं, जेवण नकोसं होणं, आणि जुलाबांच्या मानाने फार जास्त थकवा. शिवाय मेट्रोनिडाझोलचा त्याच्यावर उपयोग होत नाही. रिपोर्टमध्ये एक नाव मिळालं की शोध तिथेच थांबतो, हे नेहमी घडतं. एकाच पोटात दोन पाहुणे असू शकतात.

खानापूरची_सून
मग रिपोर्टमध्ये तो दिसला का नाही? दोन ठिकाणी तपासलंय.

स्लाइडवाला_वडगाव
कारण तो बघितलाच गेला नसणार. नेहमीच्या तपासणीत एक थेंब सलाइनमध्ये, एक आयोडीनमध्ये, एवढंच असतं. त्यात सायक्लोस्पोरा म्हणजे 8 ते 10 मायक्रॉनचा गोळा, दुहेरी कड, आत हिरवट चमकणाऱ्या कणांचा पुंजका. न हलणारा, न फुटणारा. ज्याने कधी पाहिला नाही तो त्याला यीस्ट, परागकण किंवा हवेचा बुडबुडा समजून सोडणार. त्यात शौचात त्याची संख्या फार थोडी असते आणि रोज सारखी पडत नाही. आयोडीनने त्याच्यात ओळखण्यासारखा काही फरक पडत नाही. आपण ज्याला ट्रायक्रोम स्टेन म्हणतो, ज्यात ब्लास्टोसिस्टिस छान दिसतो, त्यातही सायक्लोस्पोरा रंग धरत नाही.

त्याला वेगळा रंग लागतो, सुधारित अ‍ॅसिड-फास्ट. टीबीच्या थुंकीला करतो तसाच, पण अ‍ॅसिड बरंच सौम्य. टीबीच्या स्लाइडला आमच्याकडे 25 टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरतात, याला आम्ही 1 टक्का वापरतो. टीबीचं अ‍ॅसिड ओतलं तर जो रंग धरलेला असतो तोही धुऊन निघतो.

आणि सगळं बरोबर केलं तरी सायक्लोस्पोरा सारखा रंगत नाही. एकाच फील्डमध्ये एक गडद लाल, शेजारचा फिका गुलाबी, तिसरा अजिबात न रंगलेला, चुरगळलेल्या काचकागदासारखा. नवखा माणूस फक्त लाल शोधतो आणि उरलेले सोडतो. मला तर हे तीन प्रकार एकत्र दिसले की उलट खात्री वाटते.

शहापूरकर
मग मला जे झालं ते काय? माझ्या रिपोर्टमध्येही फक्त ब्लास्टोसिस्टिस होता, मेट्रोने बरा झालो. म्हणजे तोच कारण होता ना? निरुपद्रवी कसा म्हणता मग?

स्लाइडवाला_वडगाव
दादा, कारण असेलही. पण मेट्रोनिडाझोल जिआर्डियालाही मारतं, अमीबालाही मारतं. जिआर्डिया रोज दिसत नाही, एका नमुन्यात सहज हुकतो. तुमच्या पोटात दोघे होते, रिपोर्टमध्ये ब्लास्टोसिस्टिस आला आणि औषधाने जिआर्डिया गेला, असंही झालेलं असू शकतं. तुम्ही बरे झालात हे खरं, कशाने झालात हे त्यावरून ठरत नाही.

शहापूरकर
हे मला पटत नाही. मग कुठल्याही औषधाबद्दल असंच म्हणता येईल.

डॉ_निपाणी
बऱ्याच औषधांबद्दल म्हणावंच लागतं, शहापूरकर. तुमचा मुद्दा मी उडवत नाही. ब्लास्टोसिस्टिसचे उपप्रकार आहेत, माणसात मुख्यतः 1 ते 4. काही उपप्रकार जास्त त्रास देतात का यावर बरंच लिहिलं गेलंय, पण अमुक असला म्हणजे रोगी आणि तमुक असला म्हणजे निरोगी अशी रेघ ओढता आलेली नाही. स्लाइडवर सगळे सारखेच दिसतात. माझा शिरस्ता असा आहे की आधी बाकीची कारणं नीट बघायची. काहीच सापडलं नाही, त्रास चालू आहे आणि ब्लास्टोसिस्टिस भरपूर आहे, तर एकदा उपचार करून बघायचा.

भाजीवाला_कडोली
आमच्यात कोथिंबीर, मेथी, कोबी पिकतंय, बाजारपेठेला जातंय. रासबेरीवरून आला म्हणता तर भाजीवरूनबी येत असेल की ओ? पावसाळ्यात खालच्या अंगाला बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात शिरतंय, लोक बोलूलालेत. आम्ही भाजी धुऊनच देतो, पण धुतो कुठल्या पाण्यात ते बघायला पाहिजे. क्लोरीन टाकलं तर मरतंय का?

डॉ_निपाणी
पाण्यात नेहमी घालतात तेवढ्या क्लोरीनने सायक्लोस्पोरा मरत नाही, हीच त्याची अडचण. उकळल्याने मरतो. कच्च्या पालेभाजीवरून साथी आल्याचं जगभर नोंदलेलं आहे, त्यात कोथिंबीरही आहे. पानांच्या घडीत बसलेला धुऊन पूर्ण निघत नाही, कमी होतो. शिजवलेल्या भाजीला भीती नाही. पण कडोलीच्या किंवा कुठल्याही गावच्या भाजीवर बोट ठेवायला पुरावा लागतो, तो इथे कुणाजवळ नाही. शेताला सांडपाणी न लागू देणं आणि शेवटचं धुणं चांगल्या पाण्यात करणं, हे तुमच्या हातात आहे.

भाजीवाला_कडोली
चालतंय. विहिरीच्या पाण्यात धुतो मग. मामंजींचं काय झालं ते कळवा ओ ताई.

खानापूरची_सून
मंडळी, पुढची तपासणी करायची ठरलीय. डॉक्टरांना मी तुमचा सगळा धागा दाखवला नाही, वाईट वाटू नये म्हणून. एवढंच म्हटलं की सायक्लोस्पोरा बघून घेऊ या का. ते लगेच हो म्हणाले. स्लाइडवाला दादा, नमुना कसा न्यायचा? चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं?

स्लाइडवाला_वडगाव
चिठ्ठीवर नुसतं 'स्टूल रूटीन' असलं तर पुन्हा तेच होईल. 'कॉक्सिडियासाठी सुधारित अ‍ॅसिड-फास्ट, सायक्लोस्पोरा बघावा' असं स्पष्ट लिहून घ्या. कॉक्सिडिया म्हणजे क्रिप्टो, सायक्लोस्पोरा ज्यात धरतात तो गट. अँटिजेनच्या पट्ट्या मिळतात त्या जिआर्डिया, क्रिप्टो, अमीबासाठी. बाजारातल्या त्या किटमध्ये सायक्लोस्पोरा नसतो, तेव्हा 'पट्टी निगेटिव्ह' म्हणून समाधान मानू नका.

नमुने तीन. एका दिवशीचे तीन नव्हेत, मधे दोन-तीन दिवस सोडून. रुंद तोंडाची कोरडी डबी, लघवी मिसळू द्यायची नाही. खानापूरहून यायला वेळ लागणार असेल तर लॅबकडून दोन डब्या मागा, एक रिकामी आणि एक 10 टक्के फॉर्मॅलिन घातलेली. फॉर्मॅलिनमधल्यावर स्लाइड होते, पीसीआर होत नाही. पीसीआर करायचा विचार असेल तर रिकाम्या डबीतला नमुना बर्फावर आणा.

एक गंमत बघा. सायक्लोस्पोरा थोडा असतो म्हणून नमुना घट्ट करावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये कालवून, जाळीतून गाळून, ईथर घालून हलवायचा आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात 500 जीच्या जोराने दहा मिनिटं फिरवायचा. तळाशी बसतं ते रंगवायचं. फिरवणं हलकं झालं तर सायक्लोस्पोरा तळाला येतच नाही, वरच्या पाण्याबरोबर ओतला जातो. पण याच धुण्या-फिरवण्यात ब्लास्टोसिस्टिसची वाट लागते. म्हणजे एकाला जे हवं ते दुसऱ्याला मारक. त्यामुळे एकाच स्लाइडवर दोघांचा निकाल मागता येत नाही. ब्लास्टोसिस्टिससाठी ताजा थेंब सलाइनमध्ये, सायक्लोस्पोरासाठी घट्ट केलेला तळ.

गुरुजी_चिकोडी
फार चांगली माहिती मिळाली. अ‍ॅसिड-फास्टमध्ये लाल दिसला तर तो सायक्लोस्पोराच हे कशावरून? क्रिप्टोही लाल होतो असं वाचलं.

स्लाइडवाला_वडगाव
बरोबर गुरुजी, तिथेच जास्त चुका होतात. क्रिप्टो 4 ते 6 मायक्रॉनचा, सायक्लोस्पोरा 8 ते 10 चा. जवळजवळ दुप्पट, तरी नजरेवर सोडलं की गफलत होते. पूर्वी याला 'मोठा क्रिप्टो' असंही म्हणत. आयपीसमध्ये मोजपट्टी बसवून मोजायचंच. आमच्याकडे मोजल्याशिवाय नाव लिहायचं नाही असा दंडक आहे.

शंका राहिली तर अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली न रंगवलेली स्लाइड धरायची. सायक्लोस्पोराची कड आपोआप निळी उजळते, क्रिप्टोची तशी उजळत नाही. ती सोय सगळीकडे नाही. आणखी एक पक्की खूण म्हणजे नमुना 2.5 टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवून वाट बघायची, एक-दोन आठवड्यांत आत दोन भाग पडलेले दिसतात. रोग्याला तेवढा वेळ नसतो, पण लॅबला शिकायला उपयोगी.

खानापूरची_सून
पहिल्या नमुन्यात काही नाही. ब्लास्टोसिस्टिस मात्र आहेच.

शहापूरकर
बघा, मी म्हणत होतो.

डॉ_निपाणी
थांबा, अजून दोन आहेत.

खानापूरची_सून
दुसऱ्या नमुन्यात आला! रिपोर्टमध्ये 'सायक्लोस्पोराशी जुळणारे ऊसिस्ट, 8 ते 9 मायक्रॉन' असं लिहिलंय. लॅबमधल्या मॅडमनी स्वतः बोलावून भिंगातून दाखवलं. एक लालभडक होता, त्याच्याशेजारी एक नुसता फिका गोल, दादा म्हणाले होते अगदी तसाच. डॉक्टरांनी सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिलं.

डॉ_निपाणी
उत्तम. नेहमीचा डोस 160/800 दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. ताई, बीपीची गोळी कोणती ते डॉक्टरांना पुन्हा सांगा. काही गोळ्यांबरोबर हे औषध घेतलं तर रक्तात पोटॅशियम वाढतं, या वयात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून घेतलेलं बरं. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच कळवा.

अनगोळ_अभी
सल्फा चालत नसेल तर काय देतात?

डॉ_निपाणी
तिथे हात बांधले जातात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नायटाझोक्सानाइड वापरून पाहिलंय, पण को-ट्रायमॉक्साझोलइतकं खात्रीचं कुठलंच नाही. म्हणूनच नाव नक्की न करता अंदाजाने सल्फा देऊन टाकावा असं मी म्हणत नाही.

खानापूरची_सून
जुलाब थांबले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच फरक होता. काल स्वतः मागून भाकरी खाल्ली. थकवा आहे अजून, डॉक्टर म्हणाले त्याला वेळ लागेल.

कोर्स संपल्यावर पुन्हा तपासलं. सायक्लोस्पोरा नाही, पण ब्लास्टोसिस्टिस आहे तसाच, '3 ते 4'. आता सासूबाई म्हणतात जंतू आहे तर औषध घ्यायलाच पाहिजे. तब्येत चांगली आहे. काय करावं?

गुरुजी_चिकोडी
त्रास नाही तर औषध नाही. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

शहापूरकर
आज त्रास नाही, उद्या होणार नाही कशावरून? मी तर काढून टाकला असता.

डॉ_निपाणी
मी असतो तर आत्ता काही दिलं नसतं. दोनदा मेट्रो घेऊनही तो राहिलाय, आणि तो असतानाच जुलाब थांबलेत. मामंजींच्या बाबतीत तो कारण नव्हता याला याहून चांगला पुरावा मिळणं कठीण. शहापूरकरांच्या बाबतीत तो होता की नव्हता, ते मात्र खुलंच राहतं. पुन्हा जुलाब लागले तर नव्याने तपासा, जुन्या रिपोर्टवर औषध घेऊ नका.

स्लाइडवाला_वडगाव
ताई, एक विनंती. त्या लॅबच्या मॅडमना म्हणावं ती स्लाइड टाकू नका, झाकणपट्टी पक्की करून ठेवा. आपल्या भागात ज्या पोरांनी सायक्लोस्पोरा फक्त चित्रात पाहिलाय त्यांना दाखवायला ती लागेल. त्या देणार असतील तर मी खानापूर रोडवरून येताना घेऊन जाईन, नाहीतर आमची पोरं तिकडे पाठवतो.

खानापूरची_सून
विचारलं. म्हणाल्या दोन स्लाइड आहेत, एक तुमच्यासाठी ठेवते. दुपारी तीननंतर या म्हणाल्या.